एपीआय डॉक्युमेंटेशनचं पहिलं फ्रीलान्स काम: पानावर रेट सांगू की पूर्ण प्रोजेक्टचा? आणि सॅम्पल काय दाखवू?

कोरं_पान
नमस्कार मंडळी. चार वर्षं सपोर्टमध्ये काढली, तिथे हेल्प आर्टिकल्स लिहायचो, आता टेक्निकल रायटिंगचं फ्रीलान्स सुरू करतोय. एका ओळखीतून एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीशी बोलणं झालंय. त्यांच्या एपीआयचे १८ एंडपॉइंट आहेत आणि डॉक्युमेंटेशन म्हणजे डेव्हलपरनी टाकलेल्या चार ओळी. त्यांना प्रत्येक एंडपॉइंटचं पान हवंय, शिवाय सुरुवात कशी करायची, लॉगिन टोकन कसं घ्यायचं आणि एरर आल्या तर काय करायचं अशी तीन पानं. म्हणजे २१ पानं. त्यांनी विचारलं "पर पेज किती घेणार?" आणि मी गडबडलो. मनात हिशोब केला की पानाला ३ तास, म्हणजे ६३ तास, त्याला माझा तासाचा रेट लावू. बरोबर आहे का?
दुसरं म्हणजे ते सॅम्पल मागतायत. जुन्या नोकरीतलं लिखाण लॉगिनच्या आत आहे, दाखवता येत नाही. म्हणून मी एका काल्पनिक अ‍ॅपचं १२ पानी मॅन्युअल बनवलंय, ते पाठवू का?

चंद्रकोर
मी ब्लॉग लिहिते, माझा रेट शब्दावर असतो. कीवर्ड त्यांच्याकडून घ्या, हेडिंगमध्ये टाका आणि दोन सॅम्पल लेख पाठवा, त्यावर काम मिळून जातं. पानाचा हिशोब करूच नका, हजार शब्दांना इतके असं सांगा. लेख जितका मोठा तितका फायदा.

जुना_भाषांतरकार
शब्दांवरचा हिशोब मलाही बरा वाटतो, पण कारण वेगळं आहे. "पान" म्हणजे काय हे कुणीच ठरवत नाही. आमच्याकडे २५० शब्दांचं एक पान धरायची पद्धत होती त्यामुळे फाँट मोठा केला काय नि चित्र टाकलं काय, भांडण व्हायचं नाही. तुम्हीही तसंच लिहून घ्या, २५० शब्द = १ पान. मग कुणी फसवू शकत नाही.

निळी_शाई
@जुना_भाषांतरकार, "पान" आधी ठरवून घ्या हे तुमचं अगदी बरोबर. पण भाषांतरात मूळ मजकूर समोर असतो, तिथे शब्द मोजले की मेहनत मोजली जाते. इथे मूळ मजकूरच नसतो, तो शोधून काढायचा असतो. आणि चांगलं डॉक्युमेंटेशन म्हणजे ४०० शब्दांचं १५० वर आणणं. शब्दावर पैसे घेतले तर जे काम सगळ्यात चांगलं करता त्याचेच पैसे कमी होतात. @चंद्रकोर, ब्लॉगला तुमची पद्धत चालते, पण इथे वाचणारा डेव्हलपर त्याच्या कामाच्या मधेच तीन मिनिटांसाठी आलेला असतो, त्याला लांब लेख नकोय.

@कोरं_पान, मी १४ वर्षं हेच करतेय, त्यातली ९ फ्रीलान्स. तुमच्या ६३ तासांमध्ये फक्त लिहिण्याचा वेळ आहे. एपीआयच्या कामात लिहिणं साधारण तिसरा हिस्सा असतं. बाकीचं म्हणजे समजून घेणं, प्रत्येक कॉल स्वतः चालवून बघणं, डेव्हलपरच्या उत्तराची वाट बघणं, रिव्ह्यूच्या कमेंट निस्तरणं.

माझाच अनुभव सांगते. सुरुवातीला एक काम पानावर घेतलं होतं, ४० पानं ठरली. अर्ध्यात आल्यावर त्यांनी साइटचं डिझाइन बदललं आणि दोन-दोन पानं एकत्र केली. मजकूर तोच, मेहनत तीच, बिलात पानं २६. त्यांचा हेतू वाईट नव्हता, वाचणाऱ्यासाठी ते बरंच झालं होतं, पण मी करारात "पान" लिहिलं होतं आणि पान म्हणजे काय ते लिहिलं नव्हतं. आणि उलटंही होतं. टोकन घेण्याचं दीड पानाचं गाईड लिहायला मला पूर्ण दोन दिवस लागले, कारण त्यांचं टोकन किती वेळ टिकतं यावर त्यांचेच दोन डेव्हलपर वेगळं सांगत होते आणि शेवटी मी दर १० मिनिटांनी कॉल करत बसून ते शोधून काढलं.

रात्रपाळी
मी डेव्हलपर आहे, रायटरना काम देणाऱ्या बाजूला बसतो. मला तर तासावर घेणारा माणूस बरा वाटतो. कारण आमचं प्रॉडक्टच महिन्यात तीनदा बदलतं, फिक्स प्रोजेक्ट रेट असला की प्रत्येक बदलावर "हे स्कोपमध्ये नाही" ऐकावं लागतं आणि दोघांचं डोकं फिरतं. तासाला रेट, आठवड्याला कमाल तास ठरलेले, संपला विषय.

निळी_शाई
@रात्रपाळी, चालू असलेल्या, सतत बदलणाऱ्या प्रॉडक्टला मीही तेच सुचवते. पण नवीन रायटरला तासावर घेतलं की क्लायंटला प्रश्न पडतो "हा हळू काम करतोय का?" आणि आकडा आधी माहीत नसेल तर छोटी कंपनी मंजुरीच देत नाही. म्हणून पहिल्या कामाला पूर्ण प्रोजेक्टचा आकडा, पण आतून तासांवर काढलेला.

तो कसा काढायचा ते तुमच्याच १८ एंडपॉइंटवर करून दाखवते. आधी त्यांच्याकडून ओपनएपीआय फाइल मागा, ती नसेल तर पोस्टमनचं कलेक्शन, तेही नसेल तर निदान यादी. यादी हातात आली की दोन गट करा. नुसतं वाचणारे, म्हणजे एक आयडी दिला की माहिती परत येते असे सोपे. आणि जिथे डेटा बनतो, बदलतो, किंवा एक कॉल दुसऱ्यावर अवलंबून असतो ते अवघड. समजा १२ सोपे आणि ६ अवघड निघाले. सोप्याला अडीच तास धरले तर ३०. अवघड एकेकाला ५ तास धरले तर तेही ३०. टोकनचं गाईड ८ तास, सुरुवातीचं पान १० तास (हे सगळ्यात छोटं दिसतं आणि सगळ्यात जास्त खातं, कारण कोऱ्या मशीनवर पहिल्यापासून चालवून बघावं लागतं), एररचं पान ६. प्रॉडक्ट समजून घेणं, अ‍ॅक्सेस मिळवणं, साइटचं टूल बसवणं १० तास. झाले ९४. यावर रिव्ह्यू आणि मीटिंगचे २० टक्के म्हणजे १९, एकूण ११३. आणि प्रॉडक्ट बदलणार आहेच म्हणून १५ टक्के, १७ तास. एकूण १३०.

तुमच्या ६३ च्या दुप्पट. २१ ने भागलं तर पानाला सहा तासांच्या वर जातं. आता याला तुमचा तासाचा रेट लावा आणि क्लायंटला एकच आकडा द्या, तासांचा तक्ता देऊ नका. दिला की "हे ८ तासांचं ४ तासांत करा" असं सुरू होतं. त्याऐवजी यादी द्या की या आकड्यात काय-काय मिळेल.

कोरं_पान
बाप रे. १३० तास. पण अडीच आणि पाच हे आकडे तुम्ही अनुभवावरून धरले ना, माझ्याकडे तो अनुभवच नाही, मी कसे धरू?

निळी_शाई
धरू नका, मोजा. क्लायंटला सांगा की आधी एक एंडपॉइंट आणि टोकनचं गाईड एवढंच छोटं काम वेगळ्या पैशात करतो आणि त्यानंतर पूर्ण आकडा देतो. मध्यम अवघड एंडपॉइंट निवडा, सगळ्यात सोपा नाही, नाहीतर आकडा खोटा निघतो. आणि घड्याळ लावून पाच गोष्टींचा वेळ वेगवेगळा लिहा: समजून घेणं, कॉल चालवणं, लिहिणं, वाट बघून परत विचारणं, कमेंटनंतर दुरुस्ती. पहिलं पान नेहमी जास्त वेळ घेतं कारण त्यात शिकणं असतं, म्हणून समजून घेण्याचा वेळ एकदाच धरायचा, बाकीचा पानागणिक.
या छोट्या कामात आणखी एक कळतं, ते लोक उत्तरं किती लवकर देतात. तुम्ही पाच प्रश्न पाठवले आणि चार दिवसांनी दोनाचं उत्तर आलं, तर पुढे पण तेच होणार, तेव्हा १५ टक्क्यांचे ३० करा.

गाठोडं
मध्येच विचारते. माझी केस जरा वेगळी. मी सहा वर्षं एका कंपनीत मशीनच्या कंट्रोल सॉफ्टवेअरची मॅन्युअल्स लिहिली, सगळं गोपनीयतेच्या कराराखाली. ३०० पानांचं काम आणि दाखवायला शून्य. कुणी म्हणतं नावं पुसून दाखवा. चालतं का?

निळी_शाई
@गाठोडं, नावं पुसूनही ते त्यांचंच राहतं आणि दुसरं म्हणजे हे बघणारा क्लायंट विचार करतो की उद्या ही आमचंही असंच दाखवेल. लेखी परवानगी मागून बघा, कधीकधी जुन्या, बंद झालेल्या आवृत्तीची मिळते. नाही मिळाली तर कामाचं वर्णन लिहा (वाचणारा कोण, किती भाग, कुठल्या टूलमध्ये, काय बदललं) आणि सॅम्पल मात्र नवीन बनवा.

आणि आता @कोरं_पान तुमचं काल्पनिक अ‍ॅप. नका पाठवू. ते वाईट लिहिलंय म्हणून नाही, तर ते खरं आहे की खोटं हे तपासताच येत नाही. काल्पनिक अ‍ॅपमध्ये तुम्ही लिहिलेलं प्रत्येक बटण बरोबरच असतं. आमच्या कामाचा कस तर तिथेच लागतो जिथे प्रॉडक्ट एक करतं आणि डेव्हलपर दुसरं सांगतो. शिवाय १२ पानं कुणी वाचत नाही, मी सॅम्पल बघते तेव्हा पहिल्या दोन स्क्रीन बघते आणि एखादी कमांड कॉपी करून चालवते.

रात्रपाळी
+१. मी पण हेच करतो. कमांड चालली नाही तर पुढचं वाचत नाही.

वाटसरू
ओपन सोर्समध्ये करा ना. कुठल्याही प्रोजेक्टच्या डॉक्युमेंटेशनमध्ये पुल रिक्वेस्ट पाठवा, मर्ज झाली की तोच तुमचा सॅम्पल. मर्ज झाल्याशिवाय मात्र काही अर्थ नाही.

निळी_शाई
@वाटसरू, पहिलं वाक्य बरोबर, दुसरं नाही. मर्ज होणं तुमच्या हातात नसतं. प्रोजेक्ट चालवणारे लोक फावल्या वेळात काम करतात, माझी एक पुल रिक्वेस्ट सात महिने पडून होती. आणि नवीन माणसाने एकदम अर्धं डॉक्युमेंटेशन बदलून पाठवलं तर ते वाचतही नाहीत. आधी इश्यू उघडून विचारा, एक पान निवडा, छोटा बदल पाठवा. मर्ज झाला तर उत्तम, नाही झाला तरी तुमच्या स्वतःच्या रिपॉझिटरीत आधीचं आणि नंतरचं शेजारी ठेवा आणि वर पाच-सहा ओळींत लिहा की वाचणारा कोण धरला, काय काढलं, का काढलं आणि कुठल्या मशीनवर चालवून बघितलं. त्या पाच-सहा ओळी मी सगळ्यात आधी वाचते.

तुमच्या कामाला मात्र एपीआयचाच सॅम्पल हवा. त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही, ज्याला टोकन लागत नाही असा उघडा एपीआय घ्या. उदाहरणार्थ गिटहबचा. हे चालवा:

```
curl -i https://api.github.com/users/octocat
```

उत्तराच्या वर जे हेडर येतात त्यात तीन ओळी अशा दिसतील (आकडे तुमचे वेगळे असतील):

```
x-ratelimit-limit: 60
x-ratelimit-remaining: 57
x-ratelimit-reset: 1735689600
```

टोकनशिवाय एका आयपीवरून तासाला ६० च कॉल मिळतात. नवीन डेव्हलपर लूपमध्ये कॉल लावतो, ६० संपतात, `403` किंवा `429` येतो आणि त्याला वाटतं परवानगीचा प्रॉब्लेम आहे. तो टोकनच्या सेटिंग्ज शोधत बसतो. यावर एकच पान लिहा: "कॉल अचानक नाकारले जात असतील तर". कसं ओळखायचं, तर `x-ratelimit-remaining` शून्य आहे का बघा. शून्य असेल तर मर्यादा संपली, शून्य नसेल तर मग परवानगी तपासा. कधी सुटेल, तर `x-ratelimit-reset` मधला आकडा. तो १९७० च्या सुरुवातीपासूनचे सेकंद असतो आणि यूटीसीमध्ये असतो, त्यामुळे स्थानिक वेळेत बदलून दाखवणारी एक ओळ द्या. आणि मर्यादा तपासण्यासाठी `https://api.github.com/rate_limit` वर कॉल केला तर तो या ६० मध्ये मोजला जात नाही, हेही लिहा.
दीड स्क्रीनचं पान होईल. पण त्यावरून मला कळतं की या माणसाने स्वतः चालवून बघितलंय, वाचणारा कुठे चुकतो ते त्याला माहीत आहे आणि कुठे थांबायचं तेही.

चंद्रकोर
हे वाचून कळलं की मी वेगळ्याच कामाबद्दल बोलत होते. एक विचारू? मला कोडिंग येत नाही. हे हेडर वगैरे बघायला प्रोग्रामर असावं लागतं का?

रात्रपाळी
कोड लिहिता यायला नको, पण कमांड चालवून काय आलं ते वाचता यायला हवं. आणि गिट लागतंच, कारण आमच्याकडे डॉक्युमेंटेशन मार्कडाउनमध्ये कोडच्या शेजारीच असतं, रिव्ह्यू पण तिथेच. वर्डची फाइल पाठवणाऱ्या रायटरचं काम मला हाताने उतरवून घ्यावं लागतं, मग ते राहून जातं.

गाठोडं
सगळीकडे मार्कडाउन नसतं हो. मशीनच्या क्षेत्रात अजून फ्रेममेकर, फ्लेअर, डीटा हेच चालतं, आणि तिथे पानावरचा रेट पण चालतो. कारण साचा ठरलेला असतो, प्रॉडक्ट वर्षातून एकदा बदलतं, आणि पीडीएफ छापली जाते त्यामुळे पान खरंच पान असतं.

निळी_शाई
@गाठोडं हे महत्त्वाचं बोललात. साचा ठरलेला, प्रॉडक्ट गोठलेलं आणि आधी तशी २०-३० पानं केलेली असतील तर पानावर घ्यायला माझी हरकत नाही. उलट मग हात बसलेल्या माणसाला फायदाच होतो. मी जुन्या क्लायंटचं अपडेटचं काम आजही तसं घेते, फक्त "पान" ऐवजी "टॉपिक" लिहिते, म्हणजे एका शीर्षकाखालचा, एक काम पूर्ण सांगणारा मजकूर, मग तो साइटवर कुठेही जोडा. तरी प्रत्येक टॉपिकची सोपा-अवघड अशी विभागणी आणि दोन रेट.

कोरं_पान
करारात नेमकं काय लिहू? ते लोक ओळखीतले आहेत, फार कायदेशीर वाटायला नको.

निळी_शाई
एका ईमेलमध्ये साध्या भाषेत लिहिलं तरी चालतं, त्यांनी "मान्य" असं उत्तर द्यायला हवं एवढंच. मी न चुकता लिहिते ते सांगते. कुठले १८ एंडपॉइंट, नावांसकट, आणि यादीत नंतर वाढले तर प्रत्येकी किती. रिव्ह्यूच्या दोन फेऱ्या, कमेंट एकत्र करून एकाच माणसाकडून येणार, त्या माणसाचं नाव. हे नाव नसेल तर एक जण "तपशील द्या" म्हणतो, दुसरा "कमी करा" म्हणतो आणि तुम्ही मधल्यामध्ये दोनदा लिहिता. कमेंट पाच कामाच्या दिवसांत आल्या नाहीत तर ती फेरी झाली असं धरणार. टेस्टचं वातावरण आणि टोकन मला मिळेल, मिळेपर्यंत तारीख पुढे जाईल. आणि पैसे तीन हप्त्यांत, ३० टक्के सुरू करताना, ४० पहिला पूर्ण मसुदा दिल्यावर, ३० शेवटी. शेवटचा हप्ता "साइट लाइव्ह झाल्यावर" असं कधीही मान्य करू नका. लाइव्ह करणं तुमच्या हातात नसतं, माझं एक काम देऊन झाल्यावर साइट अकरा महिन्यांनी लागली होती. "अंतिम फाइल दिल्यावर" असं लिहा.

रात्रपाळी
पाच दिवसांचा नियम मला पटत नाही. रिलीजच्या आठवड्यात मी खरंच बघू शकत नाही, आणि न बघता छापलं तर चुकीचं डॉक्युमेंटेशन बाहेर जाईल. त्याचा त्रास शेवटी आम्हालाच.

निळी_शाई
तेही खरं. माझ्या बाजूने एवढंच आहे की थांबण्याची किंमत कुणीतरी धरायला हवी. काही जण थांबलेल्या आठवड्याचे पैसे लावतात, काही जण नुसती तारीख पुढे नेतात. मी तारीख पुढे नेते पण मधला हप्ता अडकवू देत नाही. यावर आमच्यात एकमत होईल असं वाटत नाही.

वाटसरू
छोटं पहिलं काम फुकट केलं तर? पाय तरी शिरतो.

गाठोडं
मी एकदा केलं होतं. दोन पानं फुकट दिली, त्यांनी तोच साचा धरून बाकीची इंटर्नकडून लिहून घेतली. पण माझ्या एका मैत्रिणीला फुकट पानावरूनच दीड वर्षाचं काम मिळालं. त्यामुळे मी काय सांगणार.

कोरं_पान
तीन आठवड्यांनी अपडेट द्यायला आलो. काल्पनिक अ‍ॅप बाजूला ठेवलं, रेट लिमिटचं पान बनवून पाठवलं. त्यांच्या डेव्हलपरने खरंच कमांड चालवून बघितली आणि त्याच दिवशी फोन आला. छोटं काम पैसे घेऊनच केलं, एक एंडपॉइंट आणि टोकनचं गाईड.
घड्याळ लावलं होतं. एंडपॉइंटला ७ तास लागले, त्यातले लिहिण्याचे फक्त पावणेदोन. दोन तास समजून घेण्यात गेले आणि दीड तास एकाच गोष्टीत, फाइलमध्ये एक फील्ड ऐच्छिक लिहिलं होतं आणि ते दिलं नाही की कॉल `400` ने फुटत होता. डेव्हलपरलाच माहीत नव्हतं. त्याने बग नोंदवला. उरलेला वेळ विचारपूस आणि कमेंटमध्ये. आणि यादी नीट बघितल्यावर एंडपॉइंट १८ नाही, २३ निघाले, त्यातले ४ अजून बनलेलेच नाहीत.
बनलेल्या १९ चा हिशोब तुमच्या पद्धतीने केला तर १५० च्या आसपास तास येतायत. आकडा द्यायचाय परवा. अडकलोय ते या ४ वर, त्यांना वाटतंय की डिझाइनवरून आत्ताच लिहून ठेवावं. आत्ता यात धरू की वेगळे ठेवू?

निळी_शाई
वेगळे ठेवा. जे चालवून बघता येत नाही त्याचं पान लिहू नका, डिझाइनवरून लिहिलेलं जवळपास सगळं परत लिहावं लागतं. ईमेलमध्ये लिहा की हे ४ टेस्टच्या वातावरणात चालू झाले की अवघड एंडपॉइंटच्या रेटने करेन. आणि तो बग सापडला ना, तो आकड्याच्या ईमेलमध्ये एका ओळीत असू दे.

रात्रपाळी
डिझाइनवरून लिहिण्याचा एक फायदा असतो बरं, रायटरचे प्रश्न आले की डिझाइनमधली चूक कोड लिहायच्या आधीच कळते. आमच्याकडे दोनदा झालंय. पण मग ते तासावर घ्या, आकड्यात धरू नका.

कोरं_पान
म्हणजे १९ चा एक आकडा आणि ४ चं तासावर, असं दोन भागांत पाठवतो. त्या रिव्ह्यू करणाऱ्या माणसाचं नाव अजून त्यांनी दिलेलं नाहीये, ते आल्याशिवाय आकडा पाठवू नये असं वाटतंय. उद्या फोन करून आधी तेच विचारतो.